"मी कुणालाही सांगणार नाही": उद्घाटनाच्या भाषणातल्या एका वाक्याचं प्रकरण

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाच्या लिंगभाव संवेदनशीलता सत्राची सुरुवात करताना मी माईकवर एक वाक्य बोलले. "काहीही झालं तर माझ्याकडे या, मी कुणालाही सांगणार नाही." अगदी मनापासून बोलले होते. चोवीस दिवसांनी मला ते मोडावं लागलं. यंदा तेच भाषण पुन्हा लिहायला बसले, तेव्हा सगळा वेळ त्या एका वाक्याच्या जागी काय यायला हवं हे शोधण्यात गेला. माझ्यासारखंच हे काम ज्यांच्या अंगावर येतं त्या शिक्षकांसाठी ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. विद्यार्थिनींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमचं कॉलेज अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा आहेत. निम्म्याहून जास्त मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासावर येतात आणि पावणेसहाची गाडी चुकली की घरी जायला वाहन नाही. मी भूगोल शिकवते आणि तीन वर्षांपासून, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची पीठासीन अधिकारी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांप्रमाणे कॉलेजात हे पद सहयोगी प्राध्यापक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिलेकडेच द्यावं लागतं. आमच्याकडे त्या दर्जाच्या दोघीच होतो आणि दुसरीला निवृत्तीला काही महिने उरले होते. काम माझ्याकडे आलं ते असं. प्रशिक्षण म्हणाल तर एक दिवसाचं, तेही समिती कशी बनवायची आणि वार्षिक अहवाल कसा भरायचा याचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी भरलेल्या सभागृहात उभं राहून पहिली आठ मिनिटं काय बोलायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षीचं भाषण कसं होतं, तेही सांगते. मी विशाखा निकालापासून सुरुवात केली. आमच्याकडे आजही समितीला सगळे 'विशाखा समिती' म्हणतात, त्यामुळे मुलं विचारतात, विशाखा कोण? म्हणून सांगितलं, की राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवी या साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीवर, १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर विशाखा या संस्थेने आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला, मग नोकरीच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा झाला. पडद्यावर व्याख्या दाखवल्या. शेवटी विचारलं, "इथे कुणाला असा अनुभव आला आहे का?" सभागृह गप्प झालं. मागच्या रांगेतला एक मुलगा खोकला, त्याच्या शेजारचे हसले आणि मुलींनी माना खाली घातल्या. त्या अवघडलेल्या शांततेतून बाहेर पडण्यासाठी मी ते वाक्य बोलले. ते भाषणाच्या कागदावर नव्हतंच.

हे मुद्दाम नोंदवते आहे, कारण अशी आश्वासनं बहुतेक वेळा अशीच दिली जातात. सभागृह आपल्यापासून तुटलंय असं जाणवतं आणि बोलणारा त्याला जवळ ओढायला हातात असेल ते देऊन टाकतो.

चोवीस दिवसांनी प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर एक मुलगी नकाशे गोळा करत मागे राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी म्हणालात म्हणून आले. फक्त तुम्हाला सांगते." तिच्या गावातला एक दुकानदार, घरच्यांच्या चांगल्या ओळखीचा, तिच्या फोनवर घाणेरडे फोटो पाठवत होता, थांब्यावर वाट अडवून उभा राहत होता, आणि एकदा त्याने तिचा हात धरून तिला दुकानात ओढायचा प्रयत्न केला होता. तिने सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं, पाणी दिलं, धीर दिला. आणि मग, सगळं सांगून झाल्यावर, विचारलं, "तुझं वय काय?"

सतरा वर्षं पाच महिने.

अठरा वर्षांखालच्या कुणावरही लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच कलम २१खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला तर त्याला त्याहून जास्त शिक्षा आहे. त्यात शिक्षकाला सूट नाही, मुलीने 'सांगू नका' म्हटलं तरीही नाही. कायदा मला माहीत होता. बारावी होऊन आलेली मुलं ऑगस्टमध्ये पुष्कळदा सतरा वर्षांचीच असतात, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात त्या कायद्याशी कधी जोडली गेली नव्हती. पोक्सो शाळेचा आणि आमची समिती कॉलेजची, अशी माझ्या मनात एक भिंत होती. नंतर कार्यालयातून प्रवेश अर्जांवरच्या जन्मतारखा काढून पाहिल्या. सभागृहात बसलेल्या १३८ जणांपैकी ५७ जणांना त्या दिवशी अठरा पूर्ण व्हायची होती.

मी तिला सांगितलं, की आता हे मला पोलिसांना कळवावंच लागेल. ती उठून उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही माईकवर म्हणाला होतात."

त्याच संध्याकाळी प्राचार्यांना भेटले आणि पोलिसांना लेखी कळवलं. पुढे जे झालं ते मला वाटलं होतं त्याहून बरंच सांभाळून झालं. कलम २४ म्हणतं, की मुलाचा किंवा मुलीचा जबाब त्यांच्या घरी किंवा त्यांनी निवडलेल्या जागी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा आणि जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत. तिने मामाचं घर निवडलं. साध्या ड्रेसमधल्या मॅडम आल्या, जबाब घेतला, आई शेजारी बसून होती. पण मी तिला सांगितलं, त्या क्षणी यातलं काही तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे दारात उभी राहिलेली जीप होती आणि जमलेली गल्ली होती. त्या एका रात्रीची भीती टाळता आली असती. ती दीड महिना कॉलेजला आली नाही. दुसऱ्या सत्रात आली, परीक्षा दिली. तिची आई माझ्याशी बोलते. ती बोलत नाही.

कळवलं याचा मला पश्चात्ताप नाही. सलत राहिलं ते वेगळंच. बोलायचं की नाही हे तिने माझ्या शब्दावर विसंबून ठरवलं होतं आणि तो शब्द देण्याचा मला अधिकारच नव्हता. काय होणार ते आधी कळलं असतं, तर ती कदाचित आईला घेऊन आली असती, कदाचित महिनाभर थांबली असती, कदाचित आलीच नसती. काहीही असलं तरी ठरवणारी ती असती.

यंदा जूनमध्ये समितीच्या बैठकीत मी म्हटलं, की पहिल्याच भाषणात हे सगळं सांगून टाकायचं. वाणिज्य विभागातल्या सरांनी लगेच हरकत घेतली. "मॅडम, पोलिसांचं नाव पहिल्याच दिवशी घेतलंत तर एकही मुलगी येणार नाही. निदान आधी येऊ तरी द्या." ही हरकत खरी होती. मागच्या वर्षीची ती मुलगी त्या वाक्यामुळेच तर आली होती. आमच्याकडच्या मुलींना पोलिसांपेक्षा घरची भीती जास्त असते. तक्रारीची कुणकुण घरी लागली, की पास बंद, फोन काढून घेतला आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. चूक कुणाची ते कुणी विचारत नाही. मुलीचं नाव गावात चर्चेला आलं एवढं कॉलेज सुटायला पुरतं. त्यामुळे 'कुणालाही सांगणार नाही' हे त्यांना सगळ्यात जास्त ऐकावंसं वाटणारं वाक्य असतं, आणि म्हणूनच ते सगळ्यात जपून वापरायला हवं.

तासभर वाद झाला. वाट दाखवली ती समितीतल्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनी प्रतिनिधीने. ती म्हणाली, "मॅडम, कोणाकोणाला कळतं ते नेमकं सांगा ना. आम्हाला वाटतं तक्रार केली म्हणजे सगळ्या कॉलेजला कळलं." तिच्या या बोलण्याने भाषणाचा गाभा ठरला. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, कुणाला कळतं आणि कुणाला कळत नाही याची यादीच सांगायची. यादी केली तेव्हा दिसलं, की ती मुलींना वाटतं त्यापेक्षा खूप लहान आहे.

आणखी दोन बदल केले. अनुभव विचारायचा नाही, हात वर करायला लावायचे नाहीत. आणि समितीच्या सदस्यांची नावं लिहिलेला फलक प्राचार्यांच्या दालनाबाहेरून हलवायचा. कॉलेजात काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं, "तिथं उभं राहून कोण वाचंल? जाणारा येणारा बघतो ना." तो फलक आता मुलींच्या खोलीत आतल्या भिंतीवर आहे आणि दुसरा मुलांच्या वसतिगृहाच्या जिन्यात.

यंदाचं भाषण पुढे देते आहे. कागदावर होतं तसंच, एका ठिकाणी बोलताना भर पडली ती धरून.

"नमस्कार. बसा. फोन पिशवीत नाही ठेवलेत तरी चालेल, नुसते पालथे ठेवा. मी आठ मिनिटं बोलणार आहे. त्यानंतर तुमचं काम आहे, माझं नाही.

तुमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला असेल. आधी एका ग्रुपमध्ये काय झालं ते सांगते. हा ग्रुप तुमचा नाही आणि त्यातली मुलं आता इथे नाहीत. एका मुलाने वर्गातल्या एका मुलीच्या डीपीचा स्टिकर केला. त्यावर दुसऱ्या एका मुलाचं नाव टाकलं. टाकणाऱ्याला ती गंमत वाटली. अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. दोघांनी तो स्टिकर गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये त्या मुलीचा चुलतभाऊ होता. पुढच्या सोमवारपासून ती कॉलेजला आली नाही.

आता मला सांगा, हे कुणी केलं? मोठ्याने सांगू नका, मनात ठरवा. स्टिकर करणाऱ्याने? पुढे पाठवणाऱ्याने? हसणाऱ्या अकरा जणांनी? ज्याचं नाव टाकलं त्या मुलालाही कुणी विचारलं नव्हतं. आणि बाकीचे चाळीसेक जण होते, त्यांनी पाहिलं आणि खाली सरकवलं. त्यातल्या एकाने जरी 'हे काढ' एवढं लिहिलं असतं, तर तो गावाच्या ग्रुपवर गेला असता का, मला माहीत नाही. तुम्ही गटात बसाल तेव्हा यावरच बोला.

आपल्या कॉलेजात एक समिती आहे. शिक्षक आहेत, कार्यालयातले कर्मचारी आहेत, बाहेरच्या संस्थेच्या एक ताई आहेत, आणि तक्रार विद्यार्थ्यांमधली असेल तर तुमच्यासारखे तीन विद्यार्थीही बसतात. निम्म्याहून कमी बायका असून चालत नाही. अंगचटीला येणं, नको असताना पुन्हा पुन्हा मेसेज करणं, अंगावरून शेरे मारणं, असे स्टिकर, गुणांची लालूच दाखवणं, यातलं काहीही असो. वर्गात, ग्रंथालयात, सहलीत, एनएसएसच्या शिबिरात, कुठेही झालेलं असो. त्रास देणारा विद्यार्थी असो, शिक्षक असो की कर्मचारी असो. घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं. कारण तसंच असेल तर आणखी तीन महिने वाढवता येतात. लिहायला जमत नसेल तर आम्ही मदत करू.

आता नीट ऐका. मागच्या वर्षी मी इथे उभं राहून म्हणाले होते, की मी कुणालाही सांगणार नाही. ते चुकीचं होतं. मला ते पाळता आलं नाही आणि त्याचा त्रास एका विद्यार्थिनीला झाला. म्हणून आज कोणाला कळतं ते आधीच सांगते.

तुम्ही तक्रार दिलीत, तर समितीच्या सदस्यांना कळतं. प्राचार्यांना कळतं. ज्याच्याविरुद्ध दिली त्यालाही कळतं. सात दिवसांत त्याला प्रत पाठवावी लागते आणि त्याला दहा दिवसांत उत्तर देता येतं. आपल्याविरुद्ध काय म्हटलंय हे कळायचा त्याचाही हक्क आहे. ज्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं त्यांना कळतं. बस, एवढेच. नोटीस बोर्डावर लागत नाही, वर्गात वाचलं जात नाही. नाव बाहेर फोडायला सदस्यांनाही बंदी आहे. तुम्ही अठरा वर्षांच्या पुढे असाल, तर तुमच्या घरी फोन करणं आमच्यावर बंधनकारक नाही आणि तुम्हाला न विचारता आम्ही तो करणार नाही.

पण तुम्ही अठरा वर्षांचे झाला नसाल, आणि तुम्हाला कुणी लैंगिक त्रास दिलाय असं आम्हाला कळलं, तर आम्हाला ते पोलिसांना सांगावं लागतं. मुलगी असो वा मुलगा. यात मला निवड नाही. पण पुढे काय होतं तेही ऐका. जबाब तुमच्या घरी किंवा तुम्ही सांगाल त्या ठिकाणी घेतला जातो. शक्यतो महिला अधिकारी येतात, गणवेश घालून येत नाहीत. तुमच्याजवळ आई, वडील किंवा तुमचा विश्वास असलेलं दुसरं कुणी बसू शकतं. वर्तमानपत्राला तुमचं नाव छापता येत नाही.

आणि माझ्याशी बोलायचं म्हणजे लगेच सगळं सांगायचं असं नाही. तुम्ही येऊन नुसतं विचारू शकता, 'मॅडम, असं झालं तर काय होतं?' मी उत्तर देईन आणि 'कुणाचं?' असं विचारणार नाही.

मी दुपारी सव्वा ते पावणेदोन भूगोलाच्या प्रयोगशाळेत असते. ही वेळ मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे कुणाची एसटी चुकणार नाही. आता चिठ्ठ्या वाटल्या जातील."

इथे कागद संपत होता. पण उजवीकडून एका मुलाने बसल्या जागेवरून विचारलं, "मॅडम, आणि मुलांना त्रास झाला तर? का फक्त मुलींचंच?" सभागृहात हशा झाला. मागच्या वर्षी असतं तर मी त्याला गप्प केलं असतं. मी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, हसू नका. नोकरीच्या ठिकाणचा २०१३चा कायदा फक्त बायकांसाठी आहे. पण कॉलेजांसाठीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की काही मुलं आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा त्रासाला बळी पडू शकतात. त्यांनीही आमच्याकडेच यायचं. आणि अठराच्या आतल्या मुलासाठी पोक्सो मुलीइतकाच लागू आहे." हशा थांबला. तो मुलगा मात्र माझ्याकडे बघत नव्हता, पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. मी ते लक्षात ठेवलं. तो अजून आलेला नाही.

चिठ्ठ्यांची पद्धत थोडी सविस्तर सांगते, कारण ती चुकवणं सोपं आहे. 'ज्यांना काही विचारायचंय त्यांनी लिहा' म्हटलं, की जी लिहिते ती लगेच दिसते आणि शेजारची डोकावते. म्हणून प्रत्येकाला एकाच मापाचा कागद आणि एकसारखं निळं पेन दिलं. प्रत्येकाने किमान दोन ओळी लिहायच्याच होत्या. प्रश्न नसेल तर सकाळी काय खाल्लं ते लिहा, असं सांगितलं. पाच मिनिटं सगळ्यांचे हात चालले पाहिजेत, एवढीच अट. १३० चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या बऱ्याचशा पोहे आणि भाकरीच्या होत्या. कामाच्या एकोणीस निघाल्या.

त्यात एक चिठ्ठी एका शिक्षकाचं नाव घेऊन होती आणि खाली सही नव्हती. अशा चिठ्ठीवर समितीला चौकशी सुरू करता येत नाही. तक्रार त्रास झालेल्या व्यक्तीची आणि लेखी असावी लागते, ती काही कारणाने देऊ शकत नसेल तर तिच्या वतीने देणारं कुणी ओळखीचं लागतं. मी ती फाडली नाही आणि त्या शिक्षकाला दाखवलीही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात, कुठल्याही चिठ्ठीचा उल्लेख न करता, सांगितलं की तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल तर चौकशी चालू असेपर्यंत तुमचे पेपर त्याच्याकडे तपासायला जाणार नाहीत आणि प्रात्यक्षिकाची तुकडीही बदलून मिळते. नियमांत ही तरतूद आहे. मुलींना धाक असतो तो गुणांचा, आणि त्यातून सुटायची वाट आहे हे त्यांना ठाऊक नसतं. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही, प्रक्रिया चालू आहे.

दुसरी चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर लिहिलं होतं, "मला १८ व्हायला चार महिने बाकी आहेत. तोवर थांबले तर घरी कळणार नाही ना?"

आमच्या सरांची भीती या एका ओळीत होती. कायदा कळल्यावर तिने तारखेचा हिशेब मांडला होता. आणि तो हिशेब चुकीचा होता, कारण घटना घडली तेव्हाचं वय धरलं जातं. चार महिन्यांनी आली असती तरी पोक्सो टळला नसता, आणि तोवर तिला जो त्रास होत होता तो तसाच चालू राहिला असता. भाषणात मी 'अठरा झाला नसाल' असं म्हणाले होते. 'घडलं तेव्हा' हे दोन शब्द घालायला हवे होते. हा दोष माझा. दुसऱ्या दिवशी तिन्ही शाखांच्या वर्गांत जाऊन मी तेवढं दुरुस्त करून सांगितलं. त्यासोबत मुलांच्या मदतीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक फळ्यावर लिहिले, आणि सांगितलं की १०९८ला फोन करायला कॉलेजची, शिक्षकाची, घरच्यांची कुणाचीही मध्यस्थी लागत नाही.

पुढच्या वर्षीच्या कागदावर तो परिच्छेद असा असेल: "घडलं तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे नव्हता, तर आज तुमचं वय काहीही असलं तरी..."

सत्रानंतर पहिल्या दोन महिन्यांत यंदा दोघी आल्या, मागच्या वर्षी तिघी आल्या होत्या. एवढ्यावरून सर बरोबर की मी, हे ठरत नाही. आणखी एक फरक मात्र मी पाहिला. सव्वाच्या वेळेला 'असं झालं तर' एवढंच विचारायला यंदा सात-आठ जण येऊन गेले, त्यात तीन मुलगे होते. मागच्या वर्षी असं कुणीच येत नव्हतं. येणारी थेट सगळं सांगायलाच येत होती.

त्या दोघींपैकी एक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सुरू झाली, "मॅडम, आमच्या घराजवळ एक..." मी हात वर केला. हे फार जड जातं. समोरच्या मुलीने सगळा धीर गोळा केलेला असतो आणि आपण तिला थांबवतो. पण आता मला कळलंय, की थांबवायची वेळ तीच असते, पहिल्या वाक्याच्या आत. मी म्हणाले, "थांब, आधी बस. तू पुढे सांगायच्या आधी मला एक विचारू दे. तुला अठरा पूर्ण झालीत का?"

"नाही."

"मग त्या दिवशी मी काय सांगितलं होतं ते आठवतंय?"

तिने मान हलवली. मी सगळं पुन्हा सांगितलं. कुणाला कळवावं लागेल, कोण येईल, कुठे बसता येईल, सोबत कोण चालेल. आजच्या आज तुला धोका वाटतोय का, एवढं मात्र विचारलं. ती नाही म्हणाली. घरी जाताना एकटी जाऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, मैत्रीण आहे बरोबर. मग बराच वेळ भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बघत बसली. शेवटी विचारलं, "सोबत आईच पाहिजे का? मावशी चालेल?"

"तुझा विश्वास असेल तर मावशी चालेल."

ती काही न सांगता गेली. मधले दोन दिवस मला झोप लागली नाही, हेही लिहायला हवं. 'असं झालं तर' आणि 'असं झालं' यांच्या मधल्या त्या जागेत शिक्षकाने किती वेळ थांबायचं, याचं उत्तर कुठल्याही नियमात नाही. तिसऱ्या दिवशीही ती आली नसती तर मीच तिच्याकडे जाणार होते, एवढं मी प्राचार्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सव्वाला ती आली. मागे नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी धरलेली तिची मावशी होती. मावशी खुर्चीवर टेकली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "बाई, हिनं मला सगळं सांगितलंय. आता तुम्ही लिहून घ्या. आमची गाडी साडेतीनची आहे."